बोनस म्हणजे कमाई नव्हे

लहान व्हिडिओ करणाऱ्यांच्या फोनवर पैशाचे दोन प्रकारचे निरोप येतात. एकात लिहिलेलं असतं की तुम्हाला या महिन्याचा बोनस मंजूर झाला. दुसऱ्यात जाहिरातींमधून तुमच्या वाट्याला आलेली रक्कम असते. पैसे एकाच बँक खात्यात जमा होतात आणि घरी सांगताना दोन्हीला 'व्हिडिओचे पैसे' म्हटलं जातं. पण हे दोन पैसे दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात आणि वेगवेगळ्या कारणांनी थांबतात. स्वतः कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या, स्वतःचं फुटेज वापरणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान हा फरक न कळल्यामुळे होतं. त्याहून गंभीर गोष्ट ही की प्लॅटफॉर्म आता हा फरक मुद्दाम पुसट करत चालले आहेत.

बोनसची ही पद्धत कुठून आली ते आधी पाहू. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. रिकामी झालेली जागा भरायची होती आणि त्यासाठी व्हिडिओ हवे होते, तेही भरपूर आणि लवकर. पण उभ्या, मिनिटभराच्या व्हिडिओवर जाहिरात कुठे आणि कशी लावायची, तिचे पैसे कुणाला द्यायचे, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. जाहिरातीची व्यवस्था नसताना माणसं टिकवायची तर खिशातून पैसे द्यावे लागतात. मे 2021 मध्ये यूट्यूबने शॉर्ट्स फंड जाहीर केला, 2021 आणि 2022 या काळासाठी 10 कोटी डॉलरचा. जुलैमध्ये इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटाने 2022 अखेरपर्यंत क्रिएटर्सना 100 कोटी डॉलर देण्याची घोषणा केली.

यातला शॉर्ट्स फंड मी जरा जवळून दाखवतो, कारण पहिल्या टप्प्यातल्या दहा देशांमध्ये भारत होता आणि मराठी चॅनेलं त्यात होती. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतानाचे व्हिडिओ करणारं एक चॅनेल डोळ्यांसमोर आणा. पहाटे होडी अर्धवर्तुळात जाळं टाकत जाते, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात, मग दोन्ही बाजूंना माणसं लागतात आणि ओढणं बराच वेळ चालतं. शेवटी जाळ्याचा घोळ वाळूवर येतो आणि बांगडे, तारल्या उसळायला लागतात. पन्नास सेकंदांच्या शॉर्टसाठी हा माणूस अंधारात उठून दीड-दोन तास उभा राहतो. काही दिवस जाळं रिकामंच येतं आणि त्या दिवशीच्या फुटेजचा उपयोग होत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा रापण नाही आणि नवीन फुटेजही नाही.

फंडाच्या काळात या चॅनेलला काय मिळू शकत होतं? महिन्याला 100 ते 10,000 डॉलर यांमधली एखादी रक्कम. त्यासाठी हजार सबस्क्रायबर लागत नव्हते, जाहिरातीचा वाटा देणाऱ्या यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये असण्याचीही अट नव्हती. अट होती ती व्हिडिओ मूळ असण्याची. दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेला किंवा दुसऱ्याचा उचललेला व्हिडिओ चालत नव्हता. महिन्याच्या सुरुवातीला निरोप येई की तुम्ही पात्र आहात आणि 25 तारखेच्या आत ती रक्कम स्वीकारायची. नाही स्वीकारली तर गेली. पात्रतेची रेषा नेमकी कुठे आहे हे जाहीर नव्हतं. प्रेक्षक कुठले आणि त्या महिन्यात किती लोक शॉर्ट्स करताहेत यावर ती दर महिन्याला सरकत असे. म्हणजे ऑक्टोबरमध्ये रापणीच्या शॉर्टला जितके व्ह्यूज मिळाले तितकेच नोव्हेंबरमध्ये मिळाले, तरी ऑक्टोबरला बोनस आणि नोव्हेंबरला काहीच नाही, असं होऊ शकत होतं. चॅनेलवाल्याने काही चुकीचं केलेलं नसे. इतर लोक वाढले, रेषा वर गेली, इतकंच.

यूट्यूबने एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली होती. हा फंड म्हणजे शॉर्ट्ससाठी कमाईची पद्धत उभी करण्याच्या वाटेवरची पहिली पायरी आहे, कायमची व्यवस्था नाही. मेटाकडे इतकीही स्पष्टता नव्हती. रील्सच्या बोनसमध्ये क्रिएटरला महिन्याच्या मुदतीचं लक्ष्य दिलं जाई: इतके व्ह्यूज आणा, इतक्या डॉलरपर्यंत मिळवा. हे आमंत्रण काहींना येई, शेजारच्याला येत नसे. 2022 मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने एका क्रिएटरचं उदाहरण दिलं होतं. पूर्ण 35,000 डॉलर मिळवण्यासाठी आधी 5.8 कोटी व्ह्यूज पुरत होते, ते लक्ष्य 35.9 कोटींवर नेलं गेलं. काम तेच, रक्कम तीच, लक्ष्य मात्र सहापट. मार्च 2023 मध्ये मेटाने अमेरिकेतला हा रील्स बोनस थांबवला. टिकटॉकच्या क्रिएटर फंडाचं दुखणं वेगळं होतं. तिथे पेटीतली रक्कम आधीच ठरलेली आणि तीत वाटेकरी मात्र वाढत जाणारे. कंपनीची कमाई वाढली तरी पेटी त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून प्रत्येक व्ह्यूमागची रक्कम घटते, हे हँक ग्रीन या अमेरिकन क्रिएटरने जानेवारी 2022 मध्ये उघडपणे मांडलं. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्समधला तो फंड बंद झाला.

या तिन्ही गोष्टींमागे एकच कारण आहे. प्लॅटफॉर्मच्या हिशेबात बोनस खर्चाच्या बाजूला बसतो. नवा प्रकार रुजवण्यासाठी, स्पर्धकाकडची माणसं ओढण्यासाठी केलेला तो खर्च असतो. जाहिरातीचा वाटा उत्पन्नातून निघतो, आधी जाहिरातदाराकडून पैसे येतात आणि मग त्यातले काही व्हिडिओवाल्याला जातात. खर्चाचं काम झालं की कुठलाही हिशेबनीस तो कापतो, आणि तो चुकतो असंही नाही. उत्पन्नातला वाटा कापायचा तर करार बदलावा लागतो आणि तो सगळ्यांसमोर बदलावा लागतो. रापणीचंच बघा. मासळी विकल्यावर दोर ओढणाऱ्याला मिळतो तो वाटा, आणि व्यापाऱ्याने खूश होऊन हातावर ठेवलेले पैसे म्हणजे बक्षिसी. मासळी कमी आली तर वाटाही कमी होतो, पण किती कमी झाला आणि का, हे ओढणाऱ्याला सांगता येतं. बक्षिसी का थांबली हे विचारायला जागाच नसते.

1 फेब्रुवारी 2023 पासून यूट्यूबने शॉर्ट्स फंड बंद करून जाहिरातीतला वाटा सुरू केला. माझ्या मते हा बदल योग्य दिशेने होता. पण 'आता शॉर्ट्सवरही जाहिरातीचे पैसे मिळतात' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा एक मोठी गोष्ट नजरेआड होते. हा वाटा मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीसारखा नाही. शॉर्ट्सच्या फीडमध्ये जाहिरात दोन व्हिडिओंच्या मध्ये येते, ती कुठल्या एका व्हिडिओची नसते. म्हणून महिनाभरातल्या अशा सगळ्या जाहिरातींचे पैसे एकत्र केले जातात आणि व्ह्यूजच्या प्रमाणात वाटले जातात.

यूट्यूबने स्वतः समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण घेऊ. आकडे हिशेब कळण्यापुरते आहेत, भारतातला दर म्हणून ते वाचू नयेत. समजा एका देशात महिन्यात पात्र चॅनेल्सच्या शॉर्ट्सना मिळून 10 कोटी व्ह्यूज मिळाले आणि फीडमधल्या जाहिरातींचे 1 लाख डॉलर जमले. यातल्या 20 टक्के शॉर्ट्समध्ये एकेक गाणं वापरलं आहे. गाणं नसलेल्या शॉर्टच्या व्ह्यूजमागचे सगळे पैसे क्रिएटर्सच्या पेटीत जातात. एक गाणं असेल तर निम्मे, दोन असतील तर एक तृतीयांश, आणि उरलेले संगीताच्या हक्कांसाठी. म्हणजे इथे 10,000 डॉलर संगीताकडे गेले आणि पेटीत 90,000 राहिले. आपल्या मालवणच्या चॅनेलला त्या देशात 10 लाख व्ह्यूज मिळाले, म्हणजे एकूण व्ह्यूजच्या एक टक्का. त्याच्या नावावर 900 डॉलर आले. त्यातले 45 टक्के त्याला मिळतात, म्हणजे हातात 405 डॉलर.

आता रापणीच्या त्या शॉर्टमध्ये कुठलंही गाणं नव्हतं. होती ती लाटांची गाज, दोर ओढणाऱ्यांच्या आरोळ्या आणि वाळूवर आपटणाऱ्या माशांचा आवाज. हे सगळं त्याने स्वतः माइक लावून, वाऱ्याचा घोंघाट टाळायला माइकवर फडकं गुंडाळून घेतलेलं. कुणीच गाणं वापरलं नसतं तर पेटीत लाखभर डॉलर राहिले असते आणि त्याला 450 मिळाले असते. म्हणजे इतरांनी वापरलेल्या गाण्यांसाठी त्याचे 45 डॉलर गेले. ज्याने गाजलेलं गाणं लावून ते व्ह्यूज मिळवले, त्यालाही प्रत्येक व्ह्यूमागे तितकंच मिळालं जितकं याला. नियमच तसा आहे: गाणं वापरा किंवा वापरू नका, क्रिएटरचा वाटा 45 टक्केच.

मोठ्या व्हिडिओवर असं होत नाही. त्याच रापणीचा दहा मिनिटांचा आडवा व्हिडिओ केला, तर त्यावर दिसणाऱ्या जाहिराती त्या व्हिडिओच्या असतात. आठ मिनिटांहून मोठा असल्याने मध्येही जाहिरात लावता येते. मिळालेल्या रकमेतले 55 टक्के चॅनेलला जातात. त्यात कुणी चित्रपटातलं गाणं लावलं तर हक्कधारक दावा करतो आणि त्या व्हिडिओचे पैसे सहसा त्याच्याकडे वळतात. म्हणजे गाण्याची किंमत गाणं वापरणारा मोजतो आणि स्वतःचा आवाज टिपणाऱ्याची कमाई त्याच्याकडेच राहते. मूळ फुटेज आणि मूळ आवाज यांना सरळ मोबदला देणारी रचना ही आहे. शॉर्ट्सच्या रचनेत तो मोबदला सगळ्यांमध्ये पसरून पातळ होतो. सोपेपणासाठी ही पद्धत निवडली असेल हे मला मान्य आहे. प्रत्येक पंधरा सेकंदांच्या तुकड्याचा हिशेब वेगळा ठेवणं किचकट आहे. पण पेटी भरताना कुठल्या शॉर्टमध्ये किती गाणी आहेत हे मोजलं जातंच, मग वाटतानाही ते मोजता येईल.

पेटीची पद्धत बोनसपेक्षा तरीही चांगली का, हे पावसाळ्यात कळतं. जून ते ऑगस्ट या चॅनेलकडे नवीन काही नाही. महिन्याच्या मुदतीचं लक्ष्य असलेला बोनस या काळात शून्यावर येतो, आणि लक्ष्य गाठण्याच्या नादात माणूस नको ते करायला लागतो. जुने तुकडे उलटसुलट जोडतो, दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कुणाचा तरी व्हिडिओ उचलतो, ट्रेंडिंग गाण्यावर काहीतरी नाचवतो. मला बोनसवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. प्रेक्षकाला काय हवं किंवा या माणसाला काय चांगलं जमतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. प्लॅटफॉर्मला त्या तिमाहीत जे हवं, ते तो विकत घेतो. वाट्याच्या पद्धतीत मार्चमध्ये टाकलेला चांगला शॉर्ट जुलैत कुणी पाहिला तरी त्याचे पैसे जुलैत येतात. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मालवणी माणसाने तो पाहिला तर तो व्ह्यू त्या देशाच्या हिशेबात मोजला जातो, आणि तिथला जाहिरातीचा दर सहसा आपल्यापेक्षा वरचा असतो. गावाकडचं खरं फुटेज करणाऱ्या मराठी चॅनेलांना याचा फायदा होतो.

बोनसच्या बाजूने एक म्हणणं आहे आणि ते मी झटकून टाकणार नाही. फंडाने लहान माणसापर्यंत पैसे नेले. जाहिरातीच्या वाट्यासाठी हजार सबस्क्रायबर आणि 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज, किंवा वर्षभरात मोठ्या व्हिडिओंचे 4,000 तास लागतात. मराठीत, तेही एका तालुक्याच्या बोलीत व्हिडिओ करणाऱ्याला 90 दिवसांत कोटीभर व्ह्यूज म्हणजे डोंगर. शिवाय भारतीय प्रेक्षकांवर जाहिरातीचा दर इतका कमी की लाखो व्ह्यूजनंतरही हातात आलेली रक्कम बघून हिरमोड होतो. अशा वेळी किमान 100 डॉलरचा बोनस कितीतरी जणांसाठी पहिला ट्रायपॉड किंवा पहिला माइक ठरू शकत होता. हे खरं आहे. म्हणूनच माझा विरोध बोनस देण्याला नाही, तो पगारासारखा दाखवण्याला आहे. आलेल्या बोनसमधून माइक घ्यावा. येणाऱ्या बोनसच्या भरवशावर हप्त्याने कॅमेरा घेऊ नये. पण हे शहाणपण फक्त क्रिएटरकडून मागायचं आणि दुसऱ्या बाजूला काहीच विचारायचं नाही, हे मला पटत नाही.

कारण ही सीमा पुसण्याचं काम वरून चालू आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये फेसबुकने व्हिडिओतल्या जाहिराती, रील्सवरच्या जाहिराती आणि परफॉर्मन्स बोनस हे तीन वेगळे कार्यक्रम एकत्र करून कंटेंट मॉनेटायझेशन नावाची एकच योजना आणली. सोय झाली, तीनदा अर्ज करावा लागत नाही. पण आता रील, फोटो, साधी पोस्ट, सगळ्यांची कमाई एका योजनेत येते आणि त्यातली किती जाहिरातदाराच्या पैशातून, किती कंपनीच्या मर्जीतून, हे सांगणारं सूत्र जाहीर नाही. महिन्याची रक्कम निम्मी झाली तर कारण शोधायला जागाच उरत नाही. यूट्यूबवर निदान शोध घेता येतो. स्टुडिओच्या कमाईच्या पानावर वॉच पेजच्या म्हणजे मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिराती, शॉर्ट्स फीडच्या जाहिराती आणि प्रीमियम वर्गणीचे पैसे वेगवेगळे दिसतात. तिथेही एक फसगत आहे. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला की तो व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिला याची अट नाही. पैसे मात्र आधीच्याच पद्धतीच्या, 'एंगेज्ड व्ह्यूज' नावाने वेगळ्या दाखवलेल्या आकड्यावर मिळतात. दर्शनी व्ह्यूजने कमाईला भागलं की दर कोसळल्यासारखा वाटतो, आणि 'यूट्यूबने पैसे कापले' अशी ओरड सुरू होते. भागायचं ते एंगेज्ड व्ह्यूजने.

मूळ फुटेजवाल्याला आणखी एक घाव बसतो आणि तो दोन्ही पद्धतींत बसतो. त्याचा रापणीचा शॉर्ट कुणीतरी उतरवून, वर मजकूर चिकटवून, स्वतःच्या चॅनेलवर टाकतो. दुसऱ्याचा शॉर्ट तसाच पुन्हा टाकला तर त्याचे व्ह्यूज कमाईला अपात्र, असा यूट्यूबचा नियम आहे. जुलै 2025 मध्ये फेसबुकनेही वारंवार उचलेगिरी करणाऱ्यांची कमाई काही काळ बंद करण्याचं जाहीर केलं. नियम चांगले आहेत, पण पकडलं जाईपर्यंत वेळ जातो आणि शॉर्टचं आयुष्य बहुतेक वेळा थोड्या दिवसांचंच असतं. मूळ मालकाने तक्रार केली की चोरीचा व्हिडिओ निघतो. त्याने दरम्यान मिळवलेले पैसे मात्र मूळ मालकाकडे येत नाहीत. मोठ्या संगीत कंपन्यांकडे कंटेंट आयडी असतं, त्यातून त्या चोरीचा व्हिडिओ तसाच ठेवून त्याचे पैसे स्वतःकडे वळवू शकतात. मालवणच्या माणसाला ती सोय नाही. त्याच्या हातात असतं ते जुळणारे व्हिडिओ शोधून देणारं साधन आणि काढून टाकण्याची विनंती. म्हणून मूळ, न कापलेलं फुटेज तारखेसह जपून ठेवावं. वाद झाला तर पन्नास सेकंदांच्या तुकड्यापेक्षा आधीची-नंतरची चाळीस मिनिटं जास्त बोलतात.

मग मागायचं काय? बोनस देणाऱ्या प्लॅटफॉर्मने सुरुवातीलाच सांगावं की तो किती महिने चालेल, कुठल्या नियमाने मिळेल आणि बंद करायचा असेल तर निदान तीन महिने आधी कळवलं जाईल. कमाईच्या पानावर त्याचा रकाना जाहिरातीच्या पैशांपासून वेगळा असावा, एकत्रित योजनेतसुद्धा. पेटीतून वाटणाऱ्यांनी दर महिन्याला देशनिहाय पेटी किती रकमेची होती आणि त्यातलं संगीताला किती गेलं हे प्रसिद्ध करावं. हे आकडे त्यांच्याकडे असतातच, त्याशिवाय वाटप होणार नाही. गाण्याची किंमत गाणं वापरणाऱ्या शॉर्टवर बसावी, स्वतःचा आवाज टिपणाऱ्याला पूर्ण वाटा मिळावा. आणि चोरी सिद्ध झाली की त्या व्ह्यूजचे पैसे ज्याने पहाटे किनाऱ्यावर उभं राहून ते फुटेज टिपलं त्याच्या खात्यात वळावेत, जसे ते संगीत कंपन्यांच्या खात्यात आजही वळतात.